भरतशेठची मोर चाल

ताहेरा कागदी जुन्नरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायची आणि दर आठवड्याला 'शिवारवार्ता' नावाच्या साप्ताहिकात 'घसरगुंडी' हे सदर लिहायची. पहिल्या कामाचा पगार मिळायचा. दुसऱ्या कामाचा मान मिळतो, असं गोरखभाऊ म्हणायचे. गोरखभाऊ म्हणजे शिवारवार्ताचे मालक, संपादक आणि वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करत हिंडणारे एकमेव प्रतिनिधी. नारायणगावात ठिबक सिंचनाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. तिथं एक कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर बसणारी हर्षाली आणि भिंतीवर गोरखभाऊंचे निरनिराळ्या पुढाऱ्यांबरोबरचे फोटो होते. फोटोंमधले पुढारी पक्ष बदलत गेले होते, गोरखभाऊंचं हसू मात्र एकच होतं.

घसरगुंडी टाळेबंदीच्या वर्षी सुरू झाली. खेळ साधा होता. घाईत बोलताना माणसाची जीभ घसरते आणि दोन शब्दांचे पहिले ध्वनी एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. सदरात छापलेलं असायचं, 'डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी एक गडू कोळी घ्या.' वाचणाऱ्यानं गडूचा ग कोळ्याला द्यायचा, कोळ्याचा क गडूला द्यायचा, उकार, ओकार, वेलांट्या जिथल्या तिथं ठेवायच्या, की डॉक्टरांच्या मनातली कडू गोळी बाहेर येते. कधी ताहेरा नुसताच इशारा द्यायची. मग आधी दोन शब्द ओळखायचे आणि नंतर त्यांची तोंडं बदलायची.

ताहेराला वाटलं होतं की चार लोक सोडवतील. पण जुन्नर आणि आंबेगावच्या गावागावांतून उत्तरं यायला लागली. पिंपरी पेंढारचे एक गृहस्थ उत्तरांखेरीज रोज 'सुप्रभात' पाठवायचे, ते ती न बघता पुसून टाकायची. निरगुडसरच्या कुशाबाई मात्र फोनच करायच्या. कुशाबाई निवृत्त नर्स. उभी हयात सरकारी दवाखान्यात लोकांना सुया टोचण्यात गेली होती आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटलेली नव्हती.

"बाई, ह्या वेळचं लईच सोपं व्हतं," त्या म्हणायच्या. "'दुपारी वार गारा सुटला.' गार वारा! माझ्या नातीनं सोडवलं. ती अजून बोबडं बोलती."

"मग पुढच्या आठवड्यात तुम्हाला रडवते," ताहेरा म्हणायची.

तिला कुशाबाई आवडायच्या. फार माणसं आवडत नसत तिला. मूर्ख माणसाचा तिला राग नव्हता. जो माणूस दोन मिनिटं डोकं चालवू शकतो आणि चालवत नाही, त्याच्याकडे मात्र ती अशी बघायची की समोरच्यानं शर्टाची बटणं तपासून घ्यावीत. गोरखभाऊ तिच्यासमोर बसले की नेहमी बटणं तपासायचे.

त्या दिवशी त्यांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. चहा मागवला. चहा मागवला म्हणजे काहीतरी फुकट करून हवं असणार, हे ताहेराला पाठ होतं.

"भरतशेठचा एक्कावन्नावा वाढदिवस हाय," गोरखभाऊ म्हणाले. "विशेषांक काढतोय. सगळा रंगीत."

भरतशेठ म्हणजे भाजीपाल्याचे मोठे व्यापारी, एका पतसंस्थेचे अध्यक्ष आणि ओझरच्या रस्त्यावरच्या 'मातोश्री लॉन्स' या मंगल कार्यालयाचे मालक. कार्यालयाच्या फाटकावर सिमेंटचे दोन मोर होते आणि त्यांचे पिसारे दरवर्षी नव्यानं रंगवले जायचे. शेठ स्वतःही वर्षभर रंगवल्यासारखेच दिसायचे. शिवाय ते ज्ञानवर्धिनी वाचनालयाचेही अध्यक्ष होते. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर नूतनीकरणासाठी वाचनालय बंद केलं. दोन वर्षं झाली, दाराला कुलूप होतं आणि कुलपावर गंज. आतली पुस्तकं कपाटात पडून होती. ताहेराच्या अब्बांनी आणि पेठेतल्या बऱ्याच जणांनी दिलेल्या सागवानी खुर्च्या तेवढ्या आत दिसत नव्हत्या. खिडकीतून डोकावलं की मोकळी फरशी दिसायची. विचारलं की उत्तर मिळायचं, "सुरक्षित ठेवल्यात."

"मग मी काय करू?" ताहेरानं विचारलं.

"घसरगुंडी शेठवर पायजे. समदी कोडी त्यांच्यावर. लोकांनी सोडवली पायजेत आन् सोडवता सोडवता त्यांचं कार्य समजलं पायजे. बक्षीस शेठच्या हस्ते, लॉन्सवर, वाढदिवसाच्या कार्यक्रमात. येवला पैठणी हाय बक्षीस."

"गोरखभाऊ, हा खेळ जीभ घसरण्याचा आहे. घसरलेल्या जिभेनं स्तुती करायची?"

"तुमी करू शकता म्याडम. तुमच्यासारखी मराठी आख्ख्या तालुक्यात कुणाची हाय?"

ताहेरानं चहा संपवला. नाही म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण सदर तिचं होतं. ती नाही म्हणाली तर हा माणूस स्वतः लिहायला बसेल, या विचारानंच तिला शहारा आला. तिनं होकार दिला.

दोन दिवसांनी तिनं कोडी पाठवली. नेहमीसारखीच स्वच्छ होती. 'शेठनी गावासाठी दर घार सोडलं', उत्तर घरदार. 'मातोश्रींच्या गळ्यात त्यांनी मोर बाळ घातलं', उत्तर बोरमाळ. 'वावरात पाऊल टाकताच शेठ वाकून म्हणाले, माळी काय!', उत्तर काळी माय. 'शेठच्या गाळ्यावर सगळ्यात ताजा पाजी भाला मिळतो', उत्तर भाजीपाला. 'शेठच्या घरी आलेला पाहुणा भोळी पाजी खाल्ल्याशिवाय जात नाही', उत्तर पोळीभाजी. आणखी एकदोन होती. तिच्या मते त्यात शेठची यथायोग्य स्तुती होती, म्हणजे फारशी नव्हती.

संध्याकाळी गोरखभाऊंचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"म्याडम, पाजी काय घातलंय ह्याच्यात? तेबी दोनदा!"

"ते उलटवायचंय. उत्तर भाजीपाला आहे. दुसऱ्याचं पोळीभाजी."

"आवो, पर छापून काय येणार? शेठच्या घरी भोळी पाजी! शेठ वाचतील ना! वहिनी वाचतील!"

"शेठ उत्तरही वाचतील."

"उत्तर कोण बघतंय? माणूस जे छापलंय ते बघतो." गोरखभाऊंनी एक दीर्घ श्वास घेतला. "आपल्याला चांगले शब्द पायजेत. शुभ शब्द. तुमचं ते मोर बाळ कसं छान हाय! मोर म्हणलं की शेठ खूश. ही दोन पाजीची काढतो आन् त्यांच्या जागी एक मीच टाकतो."

"तुम्ही?"

"त्यात काय अवघड हाय राव? दोन शब्द तर असत्यात."

ताहेरा दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एस.टी.नं नारायणगावला गेली. दोन शब्द तर असत्यात, हे वाक्य तिला रात्रभर चावत राहिलं होतं. पाच वर्षं ती एकेका कोड्यासाठी स्वयंपाक करताना ओठ हलवत राहायची. घरचे हसायचे. आणि या माणसाला वाटत होतं की दोन शब्द तर असत्यात.

हर्षालीनं स्क्रीनवर पान लावून दाखवलं. शेठचा मोठा फोटो, मोरपिशी जाकीट, कपाळाला टिळा. फोटोभोवती कोडी मांडलेली. मधोमध, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, सोनेरी चौकटीत गोरखभाऊंचं कोडं होतं.

'भरतशेठचं चालणं पहा. जणू मोर चाल! ओळखा पाहू काय?'

ताहेरानं ते वाचलं. डोकं आपलं आपणच कामाला लागलं, त्याला सवयच होती. मोरातला म चालीला गेला, चालीतला च मोराला आला. ओकार, काना जागच्या जागी.

ती खुर्चीत हळूच टेकली.

वर्षापूर्वी कुशाबाईंनी एक कोडं पाठवलं होतं, 'पोर चहा'. उत्तर, चोर पहा. ताहेरानं ते परत पाठवलं होतं. चोरातला च दातांना घासून निघतो, चहातला च टाळूला चिकटून निघतो. अक्षर एक असलं तरी ध्वनी वेगळा आणि हा खेळ ध्वनीचा. कुशाबाई आठवडाभर रुसल्या होत्या. पण मोर चाल या कोड्यात ती खोटसुद्धा नव्हती. चालीतला च आणि चोरातला च एकाच जातीचे. गोरखभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बिनचूक केलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"कसं काय?" गोरखभाऊ मागं येऊन उभे राहिले. त्यांनी हाताची घडी घातली होती. "एका मिनिटात सुचलं."

"गोरखभाऊ, हे उलटवून बघितलंत?"

"चांगल्या शब्दाला कशाला उलटवायचं?"

"लोक उलटवतील. त्यांना पाच वर्षं तीच सवय लावली आहे."

"म्याडम," गोरखभाऊ हसले. हे हसू भिंतीवरच्या फोटोंमधलं नव्हतं, वेगळं होतं, मोठ्या माणसानं लहान मुलाला समजून घ्यावं तसं. "तुमी लई हुशार, मान्य हाय. पर तुमाला दुसऱ्याचं कोडं चांगलं झालेलं बघवत न्हाई. व्हतं असं. आमी काय आडाणी न्हाई."

हर्षालीनं मान खाली घालून की-बोर्डवरची धूळ झटकली. ती दर आठवड्याला सदर टाइप करायची. तिला उत्तर केव्हाच कळलं होतं, हे तिच्या कानांच्या लालीवरून ताहेरानं ओळखलं.

ताहेरा उत्तर सांगू शकली असती. दोनच शब्द होते. पण तुमाला बघवत न्हाई हे ऐकल्यावर तिच्या तोंडातून ते दोन शब्द निघेनात. उलटवून बघा, एवढं तिनं सांगितलं होतं. प्रौढ, साक्षर, संपादक माणसाला याहून जास्त काय सांगायचं असतं?

"माझं नाव काढा फक्त," ती म्हणाली.

"आन् मग कुणाचं टाकू?"

"सगळ्यात मोठं कोडं ज्यानं केलं त्याचं."

गोरखभाऊंचा चेहरा उजळला. नाही नाही म्हणत त्यांनी हर्षालीला स्वतःचं नाव टाकायला सांगितलं. मग नाव जरा ठळक करायला सांगितलं. मग आणखी जरा.

अंक निघाला. गावागावांत फुकट वाटला गेला. पेपर हातात आल्यावर तासाभरातच कुशाबाईंचा फोन आला.

"बाई, ही तुमची न्हाईत ना?"

"पहिली चार माझी."

"ते मला कळलं. सोनेरी डब्यातलं विचारते."

"ते संपादकांचं."

पलीकडून खो खो हसण्याचा आवाज आला आणि त्यात कुशाबाईंना ठसका लागला. "पहिल्यांदाच एवढं सोपं कोडं आवडलं मला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून उत्तरं पाठवायला गेल्या.

शिवारवार्ताच्या मोबाइलवर उत्तरांचा पाऊस पडला. गोरखभाऊंनी मेसेजची संख्या बघितली, मेसेज उघडले नाहीत. संख्या शेठना कळवली. शेठ म्हणाले, "लोकांचं प्रेम हाय." मग हर्षालीनं सगळी नावं चिठ्ठ्यांवर लिहून एक चिठ्ठी काढली. निघाल्या कुशाबाई. हर्षालीनं ती चिठ्ठी न बघता काढली का बघून, हे ताहेरानं तिला कधी विचारलं नाही.

वाढदिवस लॉन्सवर झाला. दुपार कलली होती. फाटकावरचे मोर नव्यानं रंगवलेले होते, त्यातल्या एकाचा निळा रंग अजून ओला होता आणि कुणाच्या तरी नव्या शर्टाला लागला होता. मांडव भरला होता. मागं प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढं दोन रांगा पांढऱ्या साटीनच्या कव्हरात बांधलेल्या खुर्च्यांच्या. प्रत्येकीच्या पाठीला गुलाबी रिबिनीची गाठ. त्या खास पाहुण्यांसाठी. ताहेराला शिक्षिका म्हणून दुसऱ्या रांगेत बसवलं. कुशाबाई पहिल्या रांगेत, विजेत्या म्हणून. त्या हिरवं नऊवारी लुगडं नेसल्या होत्या आणि पर्स मांडीवर धरून त्या इंजेक्शन द्यायला आल्यासारख्या बसल्या होत्या.

सूत्रसंचालन समर्थ नावाचा तरुण करत होता. तो शेठना 'युगपुरुष' म्हणाला. नंतर 'दीपस्तंभ' म्हणाला. नंतर त्याला काही सुचेना तेव्हा पुन्हा युगपुरुष म्हणाला. केक कापला. तलवारीनं कापला, आणि क्रीम उडून पतसंस्थेच्या व्यवस्थापकांच्या चष्म्यावर बसलं. त्यांनी ते पुसलं नाही, पुसणं बरं दिसलं नसतं.

"आणि आता," समर्थ गरजला, "ज्या क्षणाची आपण चातकासारखी वाट पाहतोय! घसरगुंडी! मी कोडं वाचणार, विजेत्या कुशाबाई उत्तर देणार आणि आपण सगळ्यांनी त्यांच्याबरोबर म्हणायचं!"

ही कल्पना गोरखभाऊंची होती. ते व्यासपीठाच्या कडेला फेटा बांधून उभे होते.

"शेठनी गावासाठी दर घार सोडलं!"

"घरदार!" कुशाबाई माइकमध्ये म्हणाल्या. मांडव म्हणाला, "घरदार!" टाळ्या. शेठनी हात जोडले. ते लॉन्सला लागूनच असलेल्या तीन मजली बंगल्यात राहायचे.

"मातोश्रींच्या गळ्यात मोर बाळ घातलं!"

"बोरमाळ!"

शेठच्या आई प्रयागबाई सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी गळ्याला हात लावून बघितला. बोरमाळ होती. सगळे हसले. माळी कायची काळी माय झाली. लोकांना मजा यायला लागली, मागच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवरची पोरंटोरं कोडं पुरं व्हायच्या आत उत्तर ओरडायला लागली.

"आणि आता आपल्या संपादकांच्या प्रतिभेतून उतरलेलं महाकोडं!" समर्थनं आवाज चढवला. "भरतशेठचं चालणं पहा! जणू मोर चाल!"

कुशाबाईंनी माइक तोंडाजवळ घेतला. त्यांनी क्षणभर वळून ताहेराकडे बघितलं. ताहेरानं मान हलवली नाही. कुशाबाईंना परवानगी लागत नव्हतीच.

"चोर माल," त्या म्हणाल्या.

मांडवानं सवयीनं, एका सुरात, पोटातून ओरडून सांगितलं, "चोर माल!"

आणि मग मांडव गप्प झाला. आपण काय ओरडलो ते ज्याच्या त्याच्या कानांत आता शिरत होतं. मागं कुठंतरी एक जण फिसकन हसला. त्याच्या शेजारचा हसला. हसू पुढं पुढं येत साटीनच्या रांगांपर्यंत पोचलं आणि तिथं रुमालांत शिरलं.

शेठ अजून हात जोडून उभे होते. "काय म्हणले?" त्यांनी समर्थला विचारलं. समर्थ कागद पालथा करून बघत होता, मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल या आशेनं.

"सोपं हाय शेठ," कुशाबाई माइकमध्येच म्हणाल्या. आजाऱ्याला औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसा त्यांचा आवाज होता. "मोर. चाल. मोराचा म काढून चालीला लावा, माल झाला. चालीचा च मोराला लावा, चोर झाला. चोर माल. तुमच्याच संपादकांचं कोडं हाय. आमी नुसतं सोडवलं."

आता कुणी रुमाल धरला नाही.

गोरखभाऊ फेटा सावरत पुढं धावले. "छपाईची चूक हाय शेठ! आमी मोर म्हणलं व्हतं! मोर शुभ पक्षी हाय!"

शेठनी तेव्हा हसून घेतलं असतं तर तो एक विनोद झाला असता आणि जेवणं सुरू झाली असती. ताहेराला तेव्हाही तसंच वाटलं आणि नंतरही. पण एक्कावन्न वर्षं ज्याच्यासमोर कुणी हसलं नाही, त्याला हसणाऱ्या मांडवाचं काय करायचं हे कुठून ठाऊक असणार? त्यांचा चेहरा जाकिटाहून गडद झाला. त्यांनी समर्थच्या हातातला माइक हिसकावला.

"कोण चोर? कुणाचा माल?" ते ओरडले. "मला समदं कळतंय हे कोण बोलायला लावतंय ते! आरे, त्या खुर्च्या मी नेल्या न्हाईत! ट्रस्टनं ठेवायला दिल्यात! पडून सडल्या असत्या, म्हणून वापरात आणल्या!"

मांडवातलं हसू थांबलं. खुर्च्यांचं नाव कुणीच काढलं नव्हतं.

कुशाबाईंनी माइक खाली ठेवला, पर्स खांद्याला अडकवली आणि उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आपल्या खुर्चीकडे बघितलं. गुलाबी रिबिनीची गाठ त्यांनी दवाखान्यातली पट्टी सोडावी तशी सफाईनं सोडली आणि साटीनचं कव्हर वर ओढलं. खाली सागवान होतं. पाठीच्या फळीवर अक्षरं कोरलेली होती. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

"ज्ञानवर्धिनी वाचनालयास सप्रेम भेट. सावळाराम मास्तर, माजी मुख्याध्यापक."

मग कुणाला सांगावं लागलं नाही. पतसंस्थेचे व्यवस्थापकसुद्धा उठले, चष्म्यावर क्रीम तसंच होतं, आणि आपण कुणावर बसलो होतो ते बघायला लागले. पांढरी कव्हरं जमिनीवर पडत गेली. माणसं ओणवी होऊन नावं वाचत होती, एकमेकांना हाका मारून दाखवत होती. "आरं, ही आपल्या आज्यानं दिलेली!" "ही बघ, इंद्रायणी काकूंची!"

ताहेराच्या खुर्चीवर कुणा व्यापारी मंडळाचं नाव होतं. तिनं कव्हरची घडी घातली, का घातली ते तिचं तिलाही कळलं नाही, आणि रांगेतून चालत गेली. अब्बांची खुर्ची पहिल्या रांगेच्या टोकाला होती. तिच्यावर फेट्यांची पेटी ठेवलेली होती. तिनं पेटी खाली ठेवली. जलाल कागदी, एवढंच कोरलेलं होतं. अब्बांना 'सप्रेम' लिहिणं आवडलं नव्हतं, त्यांच्या मते प्रेम असलं की लिहावं लागत नाही. ती त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला शेठकडे तिरस्कारानं बघायचं होतं, आयुष्यभराची तयारी होती तिची. पण शेठ व्यासपीठावर माइक हातात धरून नुसते उभे होते आणि प्रयागबाई त्यांना विचारत होत्या, "भरत, तू लायब्रीच्या खुर्च्या आणल्या व्हय रे?" त्यावर आणखी काही करायची गरज उरली नव्हती.

कुणी जेवायला थांबलं नाही असं मात्र झालं नाही. सगळे जेवले. मासवडी चांगली झाली होती.

दोन दिवसांनी खुर्च्या टेम्पोतून वाचनालयात परत आल्या. कुलूप तोडावं लागलं, किल्ली कुणाकडेच सापडेना. शेठ स्वतः आले होते, साध्या पांढऱ्या शर्टात. त्यांनी एक खुर्ची दोन्ही हातांनी धरून फोटो काढून घेतला. पुढच्या शिवारवार्ताच्या पहिल्या पानावर तो फोटो आला. मथळा होता, 'वाचनसंस्कृतीसाठी भरतशेठ यांची खुर्च्यांची अनमोल भेट'.

ताहेरानं मथळा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तिला हसू आलं, आणि ते हसू इतका वेळ टिकलं की स्टाफरूममधल्या आरती मॅडमनी काय झालं म्हणून विचारलं. त्या अंकात घसरगुंडी नव्हती. तिच्या जागी पापडाची जाहिरात होती.

त्याच्या पुढच्या आठवड्यात गोरखभाऊ शाळेच्या फाटकापाशी उभे दिसले. फेटा नव्हता. बटणं तपासत होते.

"म्याडम, सदर चालू करा. लोक पेपर घेईनात. कुशाबाई रोज फोन करत्यात. आन् शिव्याबी शुद्ध मराठीत देत्यात."

"शेठ काय म्हणतात?"

"जाहिरात बंद केली त्यांनी. ते तुमच्यावर रागावल्यात. मी म्हणलं, म्याडमनी सांगितलं व्हतं मला, उलटवून बघा म्हणून."

"असं म्हणालात?"

"न्हाई," गोरखभाऊ खाली बघून म्हणाले. "म्हणणार व्हतो."

ताहेरानं त्यांच्याकडे बघितलं. या माणसाला क्षमा करणं म्हणजे भिंतीला क्षमा करण्यासारखं होतं, भिंतीला त्याचं काही नसतं. पण सदर तिचं होतं. आणि निरगुडसरला एक बाई मोबाइल हातात घेऊन बसलेली होती.

"एका अटीवर. प्रत्येक कोडं तुम्ही स्वतः सोडवायचं. सुटलं तरच छापायचं."

"आँ? मी?"

"दोन शब्द तर असतात."

गोरखभाऊंनी ते मुकाट्यानं गिळलं. तिनं पर्समधून पेन काढलं आणि त्यांच्याच हातातल्या अंकाच्या कोपऱ्यावर, पापडाच्या जाहिरातीखाली लिहिलं, 'एक पोटात पेटते, दुसरी स्वयंपाकघरात. तोंडं बदला, मग छापणारे काय द्या-घ्या म्हणतात ते कळेल.'

गोरखभाऊ फाटकाच्या कट्ट्यावर बसले. शाळेची मुलं त्यांच्याकडे बघत जात होती. त्यांचे ओठ हलायला लागले. "पोटात... भूक. स्वयंपाकघरात... ग्यास?"

"जुनी गोष्ट."

"चूल! भूक, चूल." त्यांनी बोटांनी हवेत अक्षरं सरकवली, भुकेचा भ इकडून तिकडं, चुलीचा च तिकडून इकडं. बराच वेळ लागला. घाम आला. मग त्यांचं बोट हवेतच थांबलं.

"चूकभूल," ते म्हणाले. मग संशयानं तिच्याकडे बघितलं. "हे माझ्यावर हाय का म्याडम?"

"नाही हो," ताहेरा म्हणाली. "तुमच्यावर लिहायचं तर चौकट सोनेरी लागेल."

तिची एस.टी. आली होती. ती चढली, खिडकीशी बसली. गाडी सुटली तरी गोरखभाऊ कट्ट्यावरच होते, अंक गुडघ्यावर पसरून, दुसऱ्या कुठल्या तरी दोन शब्दांची तोंडं बदलून बघत.